बंब अंगणात असायचा, गिझर मोरीत आला

डिसेंबरात परभणीच्या कृषी विद्यापीठातला पारा पाच-सहा अंशांवर उतरला की आमच्या मामेभावाच्या घरी सगळ्यांना कडक पाणी लागतं. दोन वर्षांपूर्वी त्यानं बाथरूममध्ये सहा लिटरचा गॅस गिझर बसवून घेतला. मी गेलो तेव्हा वहिनी म्हणाल्या, "रोज न्हाऊन निघाले की डोकं जड पडायलंय बघा. पाय बी लटपटतात. थंडीनंच असंल." घरात बाकी कुणाला तसं होत नव्हतं. पण वहिनी सगळ्यांत शेवटी न्हायच्या, म्हणजे गिझर पाऊण तास चालून झाल्यावर. ते ऐकलं आणि मी चहा तसाच ठेवून बाथरूममध्ये शिरलो.

चार फूट रुंद, पाच फूट लांब, आठ फूट उंच खोली. खिडकी काचेच्या पट्ट्यांची. गार वारं येऊ नये म्हणून तिला पुठ्ठा लावलेला. गिझरच्या डोक्यावरून ॲल्युमिनियमची घड्यांची नळी निघाली होती. ती जेमतेम दीड फूट वर चढून आडवी झाली होती आणि दोन वळणं घेत पुठ्ठ्यातल्या भोकातून बाहेर गेली होती. शेजारी एक्झॉस्ट पंखा. बसवणारा म्हणाला होता, "नळी हाये, पंखा हाये, काळजीच नाही." खरं तर घोळ याच दोन गोष्टींत होता.

आधी गिझर किती हवा खातो ते पाहू. सहा लिटरचा गिझर म्हणजे मिनिटाला सहा लिटर पाणी २५ अंशांनी तापवणारा. तेवढ्या उष्णतेसाठी त्याला मिनिटाला साधारण १६ ग्रॅम गॅस जाळावा लागतो. स्वयंपाकघरातल्या शेगडीचे पाच मोठे बर्नर एकदम पेटवल्यासारखं हे काम आहे. एवढा गॅस पुरता जळायला मिनिटाला सुमारे २२० लिटर हवा लागते, आणि त्यातला ४५ लिटरच्या आसपास ऑक्सिजन खर्च होतो. शांत बसलेल्या माणसाला मिनिटाला पाव लिटर ऑक्सिजन पुरतो. म्हणजे त्या चार बाय पाचच्या खोलीत पावणेदोनशे माणसं कोंबल्यावर हवा जितक्या वेगानं संपेल, तितक्याच वेगानं एकटा गिझर ती संपवतो.

खोलीत हवा होती सुमारे ४,५०० लिटर. हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो. तो १८ टक्क्यांच्या आसपास उतरला की ज्योत अर्धवट जळू लागते आणि कार्बन मोनॉक्साइड झपाट्यानं वाढतो. खोली पुरती बंद असेल आणि धूर आतच राहत असेल, तर या बाथरूममध्ये ती वेळ यायला तीन मिनिटं पुरतात. प्रत्यक्षात दाराच्या फटीतून थोडी हवा येत राहते, म्हणून जरा जास्त लागतील. पण डोक्यावरून अंघोळ करायला दहा-पंधरा मिनिटं लागतातच.

कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. सिलिंडरच्या गॅसला जो वास मुद्दाम लावलेला असतो तो ज्योतीत जळून जातो, त्यामुळे नाकावर विसंबता येत नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त ओढीनं हा वायू धरून ठेवतं. आधी डोकं जड होतं, मळमळतं, मग पायांतलं बळ जातं. माणसाला काहीतरी चुकतंय हे कळतं, पण आतल्या कडीपर्यंत हात पोचत नाही.

आता धुराच्या नळीकडे येऊ. गरम वायू हलका असतो म्हणून वर चढतो आणि त्याच्या मागोमाग खालची हवा ओढली जाते. धुराड्याचं सगळं बळ एवढंच, आणि ते किती नाजूक आहे ते सांगतो. नळीत शंभर अंशांचे वायू असतील आणि बाहेर पंधरा अंशांची हवा, तर एक मीटर उभ्या नळीला जेमतेम अडीच पास्कल ओढ मिळते. कोऱ्या कागदाचे तीन ताव टेबलावर ठेवले तर टेबलावर तेवढाच दाब पडतो. भावाच्या नळीची उभी चढण अर्धा मीटरसुद्धा नव्हती, म्हणजे दीड तावाचं बळ. ते दोन वळणांतच संपत होतं.

आणि एक्झॉस्ट पंखा? साधा छोटा पंखासुद्धा बंद खोलीत वीस पास्कलच्या वर ओढा सहज तयार करतो. खोलीतली हवा तो बाहेर फेकतो आणि तिच्या जागी नवी हवा कुठून तरी यावी लागते. दार बंद, खिडकीला पुठ्ठा, मग सगळ्यांत सोपी वाट उरते ती धुराची नळी. बाहेर जाणारा धूर पंखा त्याच नळीतून आत ओढतो. पंख्यानं हवा खेळती राहते हा समज या गिझरपुरता उलटा पडतो, आणि तो घरच्यांच्या डोक्यातून काढणं मला सगळ्यांत अवघड गेलं. शेवटी दाखवावंच लागलं.

स्टीलची एक ताटली बाहेर गार पाण्यात बुडवली आणि कोरडी पुसली. दार-खिडकी नेहमीसारखी बंद करून, पंखा लावून गिझर पाच मिनिटं चालू ठेवला, आम्ही सगळे बाहेर. मग श्वास रोखून मी आत गेलो आणि नळी जिथं गिझरला जोडली जाते त्या कडेशी ताटली धरली. दोन-तीन सेकंदांत ती धुक्यानं पांढरी झाली. गॅस जळताना पाण्याची वाफ होतेच. ती वाफ ताटलीवर आली याचा अर्थ धूर नळीत न जाता खोलीत सांडत होता. पंखा बंद केल्यावर धुकं कमी झालं, पण गेलं नाही. उदबत्तीनंही हेच कळतं. धुराची रेघ नळीच्या तोंडात ओढली गेली तर ठीक, उलटी फिरून अंगावर आली तर गिझर तिथल्या तिथं बंद करायचा. ही तपासणी एकट्यानं करू नये, कुणीतरी दाराबाहेर उभं हवं.

नळी बसवायचीच असेल तर तिचं तोंड गिझरच्या तोंडापेक्षा लहान चालत नाही. आधी सरळ वर चढली पाहिजे, आडवा भाग थोडा आणि तोही चढता, आणि शेवटचं टोक उघड्या हवेत. सज्जाखाली किंवा डक्टमध्ये ते सोडू नये. नळी पत्र्याची किंवा ॲल्युमिनियमची हवी, प्लास्टिकची नाही. शिवाय ताज्या हवेसाठी भिंतीत खाली एक आणि वर एक अशी कधीच बंद न होणारी दोन जाळीची भोकं लागतात. खालचं भोक दुहेरी कामाचं, कारण सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो आणि गळला तर जमिनीलगत साचतो. डासांची बारीक जाळी लावली तर ती धुळीनं भरते आणि भोक नावापुरतं राहतं.

एवढं सगळं केलं तरी माझं मत एकच आहे: गिझर बाथरूममध्ये नकोच. ब्रिटनमध्ये १९९८च्या गॅस सुरक्षा नियमांनी खोलीतली हवा घेऊन जळणारा गिझर बाथरूममध्ये बसवायला बंदीच घातली. आपल्याकडेही आजीचा तांब्याचा बंब अंगणातच धडधडायचा. त्याच्या पोटातून उभं धुराडं जायचं आणि न्हाणीत यायचं ते फक्त पाणी. भावाचा गिझर आम्ही मागच्या भांडी घासायच्या मोरीवर, उघड्या भिंतीला नेला. सज्जापासून तो पुरेसा खाली आहे, आणि बाथरूमच्या खिडकीपासून दूर, म्हणजे धूर फिरून आत येणार नाही.

त्यावर भावानं विचारलं, "एवढ्या लांबून पाणी गरम राहायचं का?" अर्ध्या इंची सीपीव्हीसी पाइपच्या एका मीटरमध्ये साधारण आठवा हिस्सा लिटर पाणी मावतं. चार मीटरमध्ये अर्धा लिटर. मिनिटाला सहा लिटरच्या धारेनं ते पाच सेकंदांत निघून जातं. गरम बाजूला साधा पांढरा पीव्हीसी पाइप मात्र घालू नये, तो उष्णतेनं मऊ पडतो.

खरी अडचण दाबाची निघाली. गिझरमध्ये एक रबरी पडदा असतो. पाण्याच्या जोरानं तो सरकला तरच गॅस सुटतो. त्यासाठी लागणारा किमान दाब पाटीवर लिहिलेला असतो, आमच्या गिझरवर ०.०२५ मेगापास्कल होता. म्हणजे टाकीतलं पाणी गिझरपेक्षा निदान अडीच मीटर उंच हवं, आणि पाइपातल्या घर्षणात जाणारा दाब वेगळा. भावाची टाकी स्लॅबवर विटांच्या एका थरावर होती. १५ लिटरची बादली भरायला अडीच मिनिटं लागायला हवी होती, लागली पाच. धार निम्मी झाली की तेवढीच उष्णता निम्म्या पाण्यात जाते आणि पाणी २५ ऐवजी ५० अंशांनी तापतं. टाकीतलं पाणी १६ अंशांचं धरलं तर नळाला ६६ अंशांचं, कातडी भाजणारं पाणी येईल. नाहीतर पडदा सरकणारच नाही आणि गिझर नुसता टकटक ठिणग्या मारत बसेल. भाऊ म्हणत होता दहा लिटरचा घेऊ. पण दहा लिटरच्या गिझरला त्याहून जोराची धार लागते, तीच तर नव्हती. आम्ही टाकी लोखंडी स्टँडवर चार फूट उचलली, टाकीपासून गिझरपर्यंत पाऊण इंची पाइप ओढला आणि दोन एल्बो कमी केले. बादली आता दोन मिनिटं चाळीस सेकंदांत भरते.

मराठवाड्यात आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. बोअरचं पाणी जड असतं. त्यातले क्षार गिझरच्या तांब्याच्या नळीत आतून थर धरतात. भरलेली टाकी असूनही वर्षभरात धार बारीक होत गेली तर आधी हा थर धुऊन घ्यावा. आणि निळी ज्योत पिवळी पडली, तर त्या तांब्याच्या नळीच्या बाहेरच्या पत्र्याच्या पाकळ्यांत काजळी धरली आहे असं समजून गिझर बंद ठेवावा.

ज्यांचा गिझर आज बाथरूममध्येच आहे त्यांनी दार उघडं ठेवून बादली भरावी, गिझर बंद करावा, थोडं थांबावं आणि मग न्हायला जावं. आत कुणी पडलेलं सापडलं तर आधी दार तोडून त्याला उघड्यावर आणायचं, गॅस बंद करायचा आणि दवाखान्यात नेऊन ऑक्सिजन लावायला सांगायचं. गॅस गिझर चालू होता हे डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा. कोविडच्या काळात घरोघरी आलेला बोटाला लावायचा ऑक्सिमीटर इथं चकवतो. कार्बन मोनॉक्साइड धरलेलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजन धरलेल्यासारखंच दिसतं, आणि माणूस बेशुद्ध असतानाही तो ९८ दाखवू शकतो.