पानफुटी सकाळी आंबट आणि दुपारी बेचव का लागते?

गेल्या महिन्यात कढीपत्त्याचं रोप आणायला नर्सरीत गेले होते, तर काउंटरजवळ स्नेक प्लांटच्या कुंड्या ओळीने मांडलेल्या आणि प्रत्येकीवर चिठ्ठी, "रात्री ऑक्सिजन देणारे झाड, बेडरूमसाठी उत्तम". किंमत शेजारच्या कुंड्यांच्या दुप्पट. मी विचारलं, रात्री ऑक्सिजन कसा काय देतं हो हे? तर मालक म्हणाले, "ताई, हे झाड उलटं चालतं. बाकीची झाडं दिवसा करतात ते हे रात्री करतं."

गंमत म्हणजे त्यांचं निम्मं वाक्य बरोबर होतं. झाड जो ऑक्सिजन सोडतं तो पाण्याचा रेणू फोडून निघतो, आणि पाणी फोडायला प्रकाश लागतो, शाळेत शिकलोय आपण हे. दिवा घालवला की ते काम बंद, मग झाड स्नेक प्लांट असो, तुळस असो नाहीतर पिंपळ. रात्री उलट सगळी झाडं आपल्यासारखाच ऑक्सिजन घेतात. पण कार्बन डायऑक्साइड आत घ्यायला प्रकाश लागतोच असं नाही, आणि स्नेक प्लांट तो खरोखरच रात्री घेतं. असली उफराटी सवय त्याला का लागली हे समजून घ्यायचं तर आधी गव्हाच्या पानात डोकवावं लागतं.

गव्हाच्या पानात (भात, तूर, हरभरा, कापूस, आंबा, सगळ्यांतच) हवेतला सीओटू पकडायचं काम रुबिस्को नावाचं एन्झाइम करतं. पाच कार्बनच्या एका साखरेला ते सीओटू चिकटवतं, त्याचे लगेच तीन-तीन कार्बनचे दोन तुकडे होतात आणि त्यातून पुढे साखर, स्टार्च वगैरे बनत जातं. पहिला पदार्थ तीन कार्बनचा म्हणून या पद्धतीला सी-थ्री म्हणतात. ही साखळी मेल्विन कॅल्विन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उलगडली, कॅल्विनना 1961 चं नोबेल त्यासाठीच मिळालं.

आता रुबिस्कोबद्दल खरं सांगायचं तर कामगार म्हणून ते अगदीच सुमार आहे. एक तर संथ, सेकंदाला जेमतेम तीनेक रेणू, जिथे बाकीची कितीतरी एन्झाइमं तेवढ्यात शेकडो-हजारो रेणू उरकतात. त्यामुळे झाडाला ते ढिगाने बनवून ठेवावं लागतं. आणि दुसरं म्हणजे त्याची नजर कच्ची, सीओटू समजून ते ऑक्सिजनलाच पकडतं. हवेच्या दहा हजार रेणूंत ऑक्सिजनचे सुमारे 2100 आणि सीओटूचे जेमतेम 4, अशा गर्दीतून ते बहुतेक वेळा बरोबर रेणू उचलतं हीच खरं तर कमाल आहे, पण 25 अंशाला साधारण चारातल्या एका वेळी चूक होतेच. या एन्झाइमचा जन्म झाला तेव्हा हवेत ऑक्सिजन जवळजवळ नव्हताच, त्यामुळे दोघांत फरक करायची गरजच नव्हती. पुढे ऑक्सिजन आला तोही याच प्रकाशसंश्लेषणातून, म्हणजे स्वतःच्या धंद्याचा कचरा स्वतःच्याच पायात आला.

चूक झाली की तीन कार्बनचा एकच तुकडा मिळतो आणि दुसरा निघतो दोन कार्बनचा, नको असलेला. तो तसाच साठू दिला तर घातक, म्हणून झाड त्याची दुरुस्ती करायला बसतं. हरितलवकातून तो पेरॉक्सिझोममध्ये जातो, तिथून मायटोकॉन्ड्रियात, मग पुन्हा मागे, एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फाइल फिरावी तसा, आणि एवढं करून असे दोन तुकडे जोडून तीन कार्बनचा एक कामाचा तुकडा हाती लागतो, उरलेला कार्बन सीओटू होऊन परत उडून जातो, वर खर्च झालेली ऊर्जा वेगळीच. याला प्रकाशश्वसन म्हणतात. तापमान वाढलं की हे प्रकरण बिघडतच जातं, कारण गरम पाण्यात सीओटू ऑक्सिजनपेक्षा जास्त झपाट्याने कमी विरघळतो आणि रुबिस्कोची नजरही आणखी कच्ची होते. त्यात दुपारच्या उन्हात पाणी वाचवायला पानाने आपली रंध्रं, म्हणजे हवा आत-बाहेर करायची बारीक छिद्रं, मिटली की आतला सीओटू संपत येतो, ऑक्सिजन मात्र तसाच असतो.

आपल्याकडे गहू रब्बीतच का घेतात याच्या कारणांत हेही एक आहे. फेब्रुवारीत ऊन तापलं की गहू बारीक राहतो, त्याला एकटं प्रकाशश्वसन जबाबदार नाही (उन्हाने दाणा भरायचे दिवसच कमी होतात), पण भर तेही घालतंच.

मग ऊस एप्रिल-मेच्या उन्हातही वाढतो कसा? याचा शोध उसातच लागला. हवाईमधल्या ऊस मळेवाल्यांच्या संशोधन केंद्रात ह्यूगो कॉर्टशॅक आणि त्यांचे सहकारी उसाच्या पानाला काही सेकंद किरणोत्सारी कार्बनवाला सीओटू द्यायचे, लगेच ते पान उकळत्या अल्कोहोलात बुडवून मारायचे आणि तो कार्बन पहिल्यांदा कशात शिरला ते बघायचे. कॅल्विनच्या हिशोबाने तो तीन कार्बनच्या तुकड्यात सापडायला हवा होता. सापडला मॅलिक आणि अ‍ॅस्पार्टिक आम्लात, म्हणजे चार कार्बनच्या पदार्थांत. 1965 मध्ये त्यांनी हे छापलं, आणि ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला हॅच आणि स्लॅक या दोघांनी तेच धरून पुढचा अख्खा मार्ग शोधून काढला. हा सी-फोर.

उसाने रुबिस्को बदललं नाही, त्याला वेगळ्या खोलीत बसवलं. पानाच्या बाहेरच्या पेशींत पेप कार्बोक्झिलेज नावाचं दुसरंच एन्झाइम आहे. ते सीओटू थेट घेतच नाही, पाण्यात विरघळून बायकार्बोनेट झालेला घेतं, आणि ऑक्सिजन काही बायकार्बोनेट होत नाही, त्यामुळे चुकायचा प्रश्नच मिटला. त्यातून चार कार्बनचं आम्ल तयार होतं, ते आतल्या पेशींत जातं, तिथे फुटून सीओटू सोडतं आणि उरलेला तीन कार्बनचा हमाल रिकामा होऊन पुढची खेप आणायला बाहेर परततो. हा चक्क पंप आहे. त्या आतल्या खोलीत सीओटू बाहेरच्या मानाने सुमारे दहापट दाटतो, मग तिथे बसलेलं रुबिस्को कितीही कच्च्या नजरेचं असलं तरी हाताला लागतो तो सीओटूच.

या खोल्या बघायला मिळतात. उसाच्या किंवा मक्याच्या पानाचा ब्लेडने अगदी पातळ आडवा काप घ्या आणि शाळेतल्या साध्या मायक्रोस्कोपखाली ठेवा, प्रत्येक शिरेभोवती गडद हिरव्या मोठ्या पेशींचं कडं दिसतं, फुलांच्या गजऱ्यासारखं. जर्मनमध्ये अशा चक्राकार हाराला क्रान्झ म्हणतात, तेच नाव या रचनेला पडलंय. गव्हाच्या कापात शिरेभोवती पेशी असतात, पण त्यात अशी गच्च हिरवाई नसते आणि शिराही लांब लांब असतात.

ही पद्धत एवढी भारी तर गव्हाने का नाही उचलली? कारण पंप फुकट चालत नाही, प्रत्येक सीओटूमागे दोन एटीपी, म्हणजे पेशीची ऊर्जेची नाणी, जास्त मोजावी लागतात. थंडीत रुबिस्कोच्या चुकाच कमी, मग हा टोल भरण्यापेक्षा थोडं नुकसान सोसलेलं परवडतं. साधारण 25-30 अंशांच्या पुढे गणित फिरतं. म्हणून सी-फोर म्हणजे काहीतरी प्रगत आणि सी-थ्री म्हणजे मागास असं जे लिहिलं जातं ते मला पटत नाही. ज्वारी, बाजरी, नाचणी, इतकंच काय शेतकऱ्याला रडवणारी हराळी आणि लव्हाळासुद्धा सी-फोरच आहेत.

इथे एक शंका हमखास येते, की ऊस तर पाणी पितो म्हणून बदनाम आहे. पण एक किलो सुका माल बनवायला गव्हापेक्षा उसाला पाणी कमीच लागतं, कारण पंपामुळे रंध्रं थोडीशी किलकिली ठेवूनही भागतं. फक्त गहू चार महिन्यांत घरी येतो आणि आडसाली ऊस दीड वर्ष शेतात उभा असतो, मधला अख्खा उन्हाळा धरून, आणि माल काढतो तो प्रचंड. त्यात पाटाने मोकाट पाणी सोडलं तर तो दोष काही पेप कार्बोक्झिलेजचा नाही.

आता निवडुंग. उसाने दोन खोल्या केल्या, निवडुंगाने दोन पाळ्या लावल्या. रात्री हवा गार असते, रंध्रं उघडली तरी पाणी फारसं उडत नाही, म्हणून ते रात्री सीओटू घेतं, त्याच पेप कार्बोक्झिलेजने बांधतं आणि मॅलिक आम्ल करून पेशीतल्या मोठ्या पिशवीत, म्हणजे रिक्तिकेत, भरून ठेवतं. सकाळ झाली की दारं बंद, मग आतल्या आत ते आम्ल फोडून सीओटू सोडायचा आणि प्रकाशात साखर बनवायची. बंद दाराआड सीओटू दाटलेला असतो, त्यामुळे रुबिस्कोच्या चुका इथेही कमीच. या पद्धतीला कॅम म्हणतात. कोरफड, घायपात, अननस, ड्रॅगन फ्रूट, स्नेक प्लांट आणि घरोघरची पानफुटी सगळी यातलीच.

पानफुटीची गोष्ट तर आपल्याच देशातली आहे. बेंजामिन हाइन नावाचे वनस्पतीतज्ज्ञ इथे असताना त्यांनी पानफुटीचं पान चावून बघितलं, सकाळी चांगलंच आंबट, दुपारी बेचव. लंडनच्या लिनियन सोसायटीला त्यांनी ते कळवलं आणि 1815 मध्ये ते छापून आलं, रुबिस्कोचं नावही कुणाला माहीत नव्हतं तेव्हा.

मी चावलं नाही (तुम्हीही चावू नका, पानफुटीत हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं असतात), पीएच पट्ट्या आणल्या. पहाटे एक पान ठेचून रस लावला, संध्याकाळी दुसरं. पहिल्यांदा केलं ते जुलैत, कुंडी जिन्याखाली, आठवडाभर ढग, आणि दोन्ही पट्ट्या जवळपास एकाच रंगाच्या, वाटलं झालं, हाइनसाहेबांनी गंडवलं. मग डोक्यात आलं की उजेडच नाही तर दिवसा आम्ल फोडून साखर बनणार कशी, आणि तो साठा नाही तर रात्री नवीन आम्ल तरी कशातून करणार. ऑक्टोबरात कुंडी गॅलरीत उन्हात ठेवली, दहा दिवसांनी पुन्हा केलं, पहाटेचा पीएच 4 च्या आसपास आणि संध्याकाळचा 5.5.

पण आम्ल साठवायची ती पिशवी केवढी, तर पेशीएवढी. ती भरली की रात्रीची आवक थांबते, म्हणूनच निवडुंग आपलं सावकाश वाढतं. फार दुष्काळ पडला तर ते रात्रीची दारंही लावून घेतं आणि स्वतःच्या श्वसनातला सीओटूच आत फिरवत बसतं, वाढ शून्य पण मरत नाही.

आणि ते स्नेक प्लांट? ते रात्री ऑक्सिजन देत नाही पण सीओटू घेतं ना, मग तेवढा तरी उपयोग, असं नर्सरीवाले म्हणू शकतात. तर हिशोब करू. खूप उदार होऊन धरलं की कुंडीतलं झाड महिन्याला 30 ग्रॅम सुकं वजन कमावतं. एक ग्रॅमला साधारण 1.6 ग्रॅम सीओटू लागतो, म्हणजे रात्रीला 1.6 ग्रॅम. झोपलेला माणूस आठ तासांत दीडशेच्या वर ग्रॅम सोडतो. एका माणसामागे शंभर कुंड्या झाल्या, नवरा-बायको असतील तर दोनशे, मग पलंग गच्चीवर न्यावा लागेल आणि तिथे कुंड्यांची गरज नाही. खिडकी वीतभर उघडी ठेवली तरी भागतं.