लांब आजारपणात ईएसआयचे पैसे कसे मिळतात: बडोद्यातल्या एका केसवरून

मकरपुरा जीआयडीसीत काम करणारे आपले बरेच लोक दर महिन्याला ईएसआय कापला जातो म्हणून कुरकुर करतात, पण आजारी पडल्यावर त्यातून पगाराचे पैसेही मिळतात हे फार थोड्यांना माहीत असतं, बाकीच्यांना वाटतं फक्त गोत्रीच्या हॉस्पिटलात फुकट औषध मिळतं. माझ्या आतेभावाला गेल्या वर्षी टीबी निघाला तेव्हा आम्ही हे सगळं फिरून केलंय, म्हणून लिहितोय.

आधी कोणाला लागू ते बघा. पगार महिना २१,००० पर्यंत असेल तर तुम्ही ईएसआयमध्ये असता. तुमच्या पगारातून ०.७५ टक्के जातात आणि मालक ३.२५ टक्के भरतो. मध्येच पगार वाढून २१,००० च्या वर गेला तरी ती सहामाही संपेपर्यंत तुम्ही कव्हर्ड राहता. मात्र पैसे मिळायला एक अट आहे, एप्रिल ते सप्टेंबर या सहामाहीत किमान ७८ दिवसांचं योगदान भरलेलं असेल तर पुढच्या जानेवारी ते जूनमधल्या आजारपणाचे पैसे मिळतात, आणि ऑक्टोबर ते मार्चवरून जुलै ते डिसेंबरचे. म्हणजे नवीन नोकरी लागली आणि दोन महिन्यांत आजारी पडलात तर उपचार मिळतील पण रोख पैसे नाही मिळणार.

भावाचा पगार १८,०००. सहा महिन्यांचे १,०८,००० भागिले १८३ दिवस केले की रोजचे साधारण ५९० येतात, आणि त्याचे ७० टक्के म्हणजे ४१३ रुपये रोज. रविवारसुद्धा धरतात, म्हणून ३० दिवसांचे बारा हजारांच्या वर जातात. हे वर्षात जास्तीत जास्त ९१ दिवस मिळतं, पहिले दोन दिवस सोडून.

आता आमची चूक सांगतो. त्याला ३ फेब्रुवारीपासून ताप आणि खोकला होता, घराजवळच्या प्रायव्हेट डॉक्टरकडे तीन आठवडे गेले, रेस्टची चिठ्ठीही घेतली आणि कंपनीत दिली. ईएसआय डिस्पेन्सरीत गेलो २४ तारखेला. तिथल्या डॉक्टरने सर्टिफिकेट २४ पासूनचं दिलं आणि तेच बरोबर आहे, कारण त्याने पेशंटला त्याआधी बघितलाच नव्हता. प्रायव्हेट चिठ्ठीवर हक्काने पैसे मिळत नाहीत, ऑफिसला पटलं तरच विचार करतात. मग त्या २१ दिवसांपैकी १४ दिवस शिल्लक असलेली ईएल लावली आणि ७ दिवस बिनपगारी गेले. म्हणून आजार लांबेल असं वाटलं की पहिल्याच दिवशी डिस्पेन्सरी, प्रायव्हेटला नंतर दाखवा.

दुसरी गडबड होता होता राहिली. एचआरवाले भाई म्हणाले, "पगार कापला जाईल, त्यापेक्षा उरलेली सुट्टी लावून देतो." ऐकायला चांगलं वाटतं, पण ज्या दिवसाचा पगार घेतला त्या दिवसाचा ईएसआयचा लाभ मिळत नाही, आणि ब्रांच ऑफिस कंपनीला विचारतं की हा माणूस खरंच कामावर नव्हता का, पगार दिला का. हजेरीत एक आणि सर्टिफिकेटवर दुसरंच निघालं तर क्लेम अडकतो. म्हणून २४ पासून त्याला बिनपगारी रजा लावायला सांगितली.

कागद जास्त नाहीत. ई-पहचान कार्ड, ज्यावर १० अंकी इन्शुरन्स नंबर असतो, आधार, बँकेचं पासबुक, आणि डॉक्टरचं प्रत्येक सर्टिफिकेट. सर्टिफिकेट संपायच्या आत परत जाऊन पुढचं घ्यायचं, मध्ये एक दिवस जरी रिकामा राहिला तरी त्या दिवसाचे पैसे जातात. बँक खात्यातलं नाव आणि ईएसआयच्या रेकॉर्डमधलं नाव जुळतंय का हे आधीच बघून ठेवा, आपल्याकडे वडिलांचं नाव मधे लावायची पद्धत असल्यामुळे इथे फार घोटाळे होतात.

२६ फेब्रुवारीपासून पैसे सुरू झाले आणि २७ मेला ९१ दिवस संपले. घरात सगळे घाबरले, औषध तर अजून तीन महिने चालणार होतं. पण टीबी, कॅन्सर, लकवा असे ३४ आजार आहेत त्यांना वाढीव लाभ मिळतो, रोजच्या ८० टक्के, दोन वर्षांपर्यंत. त्यासाठी दोन वर्षं सलग नोकरी आणि आधीच्या चार सहामाहींत मिळून १५६ दिवसांचं योगदान लागतं, त्याची चार वर्षं झालेली होती. मग रोजचे ४७२ झाले आणि ऑगस्ट अखेरपर्यंत मिळाले.

ज्यांचा पगार २१,००० च्या वर आहे त्यांना यातलं काही नाही. कंपनीची मेडिक्लेम हॉस्पिटलचं बिल भरते, बुडालेला पगार नाही देत, त्यामुळे किती दिवस पगार चालू राहील ते अपॉइंटमेंट लेटरमध्ये नाहीतर एचआरच्या पॉलिसीत लेखी असेल तेवढंच खरं.

आणि कामावर परत जाताना डॉक्टरकडून फायनल सर्टिफिकेट घ्यायला विसरू नका, फिट असल्याचं त्यावर लिहिलेलं असतं. भावाने त्याची झेरॉक्स कंपनीत दिली आणि १ सप्टेंबरला परत मशीनवर उभा राहिला.