फोटोतल्या बरणीत जेलीबीन किती?

शाळांच्या आनंदमेळ्यात भेळ-पाणीपुरीच्या स्टॉलशेजारी हल्ली गोळ्यांनी भरलेली एक बरणी असते. आत किती गोळ्या आहेत ते ओळखा, बरणी घरी घेऊन जा. हा निव्वळ नशिबाचा खेळ आहे असं बहुतेकांना वाटतं, म्हणून लोक चिठ्ठीवर मनात येईल तो आकडा खरडतात. ठाण्यातल्या माझ्या आठवीतल्या भाचीच्या शाळेने यंदा त्यात एक भर घातली. बरणी कोणाला दाखवलीच नाही. आदल्या दिवशी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फक्त एक फोटो टाकला: टेबलावर काचेची सरळसोट बरणी, जेलीबीनने जवळजवळ गळ्यापर्यंत भरलेली, झाकण बाजूला काढून ठेवलेलं.

शेजारच्या काकांनी लगेच अंकशास्त्र काढलं. हिच्या जन्मतारखेची बेरीज सात, म्हणून एक अंक उरेपर्यंत ज्या आकड्याची बेरीज सात येते तोच लिहायचा. आता अशी बेरीज येणारे तीन अंकी आकडे बरोब्बर १०० आहेत. त्यांतला कुठला लिहायचा, हे काही काकांचं शास्त्र सांगत नव्हतं. भाचीने फोन उचलला आणि माझ्यासमोर येऊन बसली.

"मामा, यात पट्टी नाही ठेवलेली. बरणी केवढी आहे ते कळणार कसं?"

कळायची गरजच नाही. आपल्याला नग मोजायचे आहेत, सेंटिमीटर नव्हे. बरणी दुप्पट मोठी केली आणि प्रत्येक जेलीबीनही दुप्पट केला, तरी नग तेवढेच राहतात. म्हणजे लागतं ते फक्त गुणोत्तर, आणि ते फोटोतच आहे. जेलीबीनची लांबी १ धरा. स्क्रीनवर पट्टी ठेवून भाचीने मोजलं, तर त्याची जाडी भरली ०.६ आणि बरणी भरली होती ८ जेलीबीन उंचीपर्यंत. रुंदी भरली ६.

एका जेलीबीनचं घनफळ किती? दोन्ही टोकांना निमुळता धरला, तर १ बाजूच्या घनाच्या सुमारे ०.१९ पट. औषधाच्या कॅप्सूलसारखा गोल टोकांचा धरला, तर ०.२३ पट. तिने मधला ०.२१ घेतला. बरणीचं घनफळ काढायला शाळेतलंच सूत्र: ३.१४ गुणिले ३ चा वर्ग गुणिले ८, म्हणजे २२६. त्याला ०.२१ ने भागलं की झालं, असं तिला वाटलं. पण मग गोळ्यांच्या मधल्या हवेचं काय?

माझा सगळ्यात आवडता भाग इथे सुरू होतो, त्यामुळे जरा रेंगाळतो. बाजारात संत्री रचतात तसे सारखे गोळे नीट रचले, तर जागेचा सुमारे ७४ टक्के भाग भरतो. याहून दाट रचना शक्य नाही, असं केप्लरने १६११ साली म्हटलं होतं. थॉमस हेल्स यांनी ते संगणकाच्या मदतीने सिद्ध केलं १९९८ साली. मात्र बरणीत गोळ्या कोणी रचत नाही, ओततात. ओतून, हलवून, ठोकून बसवलेले गोळे ६४ टक्क्यांच्या आसपास अडतात. अशा ढिगात गोळे एकमेकांना कसे टेकतात, हे पाहायला लंडनमध्ये बर्नाल या शास्त्रज्ञांनी बेअरिंगच्या छऱ्यांच्या ढिगात काळा रंग ओतला. रंग वाळल्यावर छरे सुटे केले आणि प्रत्येकावरच्या खुणा पाहून तो किती शेजाऱ्यांना टेकला होता ते मोजलं.

गोम या टेकण्यातच आहे. गोळा तीन दिशांना सरकू शकतो, तो जागच्या जागी अडवायला सरासरी सहा टेकू पुरतात. तो स्वतःभोवती फिरला तरी कोणाला फरक पडत नाही, कारण फिरूनही तो तसाच दिसतो. लांबट किंवा चपट्या वस्तूचं तसं नाही. ती कलली तर शेजाऱ्याला ढकलते किंवा त्याच्यापासून सुटते. म्हणजे तिचं सरकणंही अडवायला हवं आणि कलणंही, त्यामुळे टेकू जास्त लागतात, दहाच्या आसपास. जास्त टेकू मिळवायचे तर शेजारी जवळ यायला हवेत, आणि शेजारी जवळ आले की हवा कमी उरते. प्रिन्स्टनमधल्या संशोधकांनी २००४ साली हे चक्क चॉकलेटच्या चपट्या गोळ्यांवर, आपल्या जेम्ससारख्या, मोजून दाखवलं. त्या गोळ्यांनी ६८ टक्क्यांच्या आसपास जागा भरली. एका अगदी साध्या आकारबदलाने गोळ्याला मागे टाकलं.

मग जेलीबीनसाठी ६८ घ्यायचे का? नाही. तो आकडा नीट हलवून बसवलेल्या ढिगाचा. स्टॉलवाल्या बाई बरणी तासभर ठोकत बसल्या असतील असं वाटत नाही. शिवाय जेलीबीन मधे किंचित वाकलेला असतो. आम्ही ६४ टक्के धरले आणि उत्तर आलं ६९०.

आता फोटोकडे वळू, कारण खरी फसवणूक तिथे आहे. रुंदी ६ कशी आली होती? भाचीने बरणीच्या पोटावरचा, अगदी समोरचा जेलीबीन मोजला आणि त्याच्या मापाने बरणीच्या कडा मोजल्या. पण समोरचा जेलीबीन फोनच्या जवळ आहे आणि बरणीच्या डाव्या-उजव्या कडा मागे आहेत, जवळजवळ बरणीच्या मध्याइतक्या मागे. जवळची वस्तू मोठी दिसते. मापच मोठं झालं, तर मोजलेली रुंदी कमी भरणार. फोटो हातभर अंतरावरून काढला असेल, तर बारा-तेरा सेंटिमीटर रुंद बरणीत हा फरक १५ टक्क्यांच्या घरात जातो. घनफळात रुंदीचा वर्ग येतो, म्हणून तिथे तो २७ टक्के होतो.

उपाय सोपा आहे. कडेशी उभा असलेला जेलीबीन शोधायचा आणि त्याची उभी लांबी माप म्हणून घ्यायची. तो कडेइतक्याच अंतरावर असतो. आडवा घ्यायचा नाही, कारण कडेशी बरणी वळते आणि आडवी वस्तू आखडलेली दिसते. उभ्या दिशेला काचेला वळण नसल्यामुळे ती लांबी शाबूत राहते. फोटो मोठा करकरून भाचीला डाव्या कडेशी एक हिरवा जेलीबीन सापडला, अगदी सरळ उभा. त्याच्या मापाने रुंदी भरली ७. उंची मात्र समोरच्याच रांगेवरून मोजली होती, माप आणि मोजलेली वस्तू एकाच अंतरावर होती, म्हणून ८ तसेच राहिले. नवं उत्तर ९४०.

"अडीचशे वाढले! मग आता हेच बरोबर?"

अजून काच राहिली होती. रुंदी मोजली होती ती बरणीच्या बाहेरच्या कडांची, जेलीबीन मात्र काचेच्या आत असतात. गोल काचेतून बाहेर पडताना प्रकाशकिरण वाकतो. त्यामुळे बाजूने काढलेल्या फोटोवरून काच किती जाड आहे ते नीट कळणं अवघड.

सुदैवाने झाकण काढलेलं होतं आणि फोटो जरा वरून घेतलेला होता. तोंडाच्या कडेवर काचेची उघडी पट्टी दिसत होती. ती एका जेलीबीनच्या पाव लांबीएवढी भरली. दोन्ही बाजूंची मिळून अर्धा, म्हणजे आतली खरी रुंदी ६.५. उत्तर आलं ८१०. पाव जेलीबीनच्या काचेने १३० नग खाल्ले.

शेवटची दुरुस्ती काचेलगतची. सपाट भिंतीला गोलसर वस्तू नीट चिकटत नाही, तिथे फटी जास्त राहतात. मोठ्या पिंपात हे चालून जातं. इथे भिंतीपासून अर्ध्या जेलीबीनच्या आतला पट्टाच बरणीच्या चौथ्या हिश्श्याहून मोठा आहे. म्हणून ६४ चे ६१ टक्के केले. भाचीने चिठ्ठीवर ७७० लिहिलं.

संध्याकाळी बाईंनी आकडा जाहीर केला, ७३१. पहिलं बक्षीस चौथीतल्या एका मुलाला गेलं. त्याने ७३५ लिहिलं होतं, आजोबांच्या रिक्षाच्या नंबरातले शेवटचे तीन आकडे. भाची फुगून बसली. पण चिठ्ठ्या शेकड्यांनी आल्या होत्या, आणि शंभरापासून दोन हजारांपर्यंत वाट्टेल ते आकडे लिहिले गेले, तर एखादा उत्तराजवळ पडणारच. त्या रिक्षाने पुढच्या वर्षी पुन्हा जिंकून दाखवावं, मग बोलू.

तिचं लक्ष मात्र दुसऱ्याच गोष्टीवर होतं. ७७० आणि ७३१ मधले ३९ गेले कुठे? तिने दुकानातून त्याच जेलीबीनचं पाकीट आणलं. एका जेलीबीनची लांबी पट्टीवर भरली १.८ सेंटिमीटर. मग औषधाच्या मापाच्या खुणा असलेल्या उभट पेल्यात पाणी घेऊन तिने मोजून ५० जेलीबीन टाकले आणि पातळी लगेच वाचली. उशीर केला तर साखर विरघळायला लागते आणि पाणी गुलाबी होतं. पाणी ६४ मिलिलिटरने चढलं. एकाचं घनफळ १.२८ घनसेंटिमीटर आलं. त्याला १.८ च्या घनाने, म्हणजे ५.८३ ने, भागलं तर येतात ०.२२. आम्ही ०.२१ धरले होते. टोकं आमच्या अंदाजापेक्षा थोडी जास्त गोल निघाली.

०.२१ च्या जागी ०.२२ घालून तिने गणित पुन्हा केलं. आलं ७३६, म्हणजे रिक्षापेक्षा एकाने मागे. आणि बेरीज केली तर सात. हे काकांना सांगायचं नाही, असं आमचं ठरलं आहे.