गाडी लागणं आणि पित्त: उलटी तीच, कारण वेगळं

दादरहून महाबळेश्वरला निघताना बहिणीने तिच्या दहा वर्षांच्या मुलीला पहाटे काहीच खायला दिलं नाही, वर पित्ताची गोळी दिली. "हिला पित्त होतं गं, प्रवासात पिवळी उलटी होते." पोलादपूर सोडून आंबेनळी घाट सुरू झाला. मागच्या सीटवर मान खाली घालून ती मोबाइल बघत होती. पाचव्या-सहाव्या वळणाला पुन्हा तेच झालं.

उलटी पिवळी होती ती पोट रिकामं होतं म्हणून. बाहेर पडायला अन्न नसलं आणि उमासे येतच राहिले, की आतड्यातलं पित्त वर येतं. म्हणजे पित्त मळमळीच्या शेवटी दिसतं, तिची सुरुवात त्याने होत नाही.

सुरुवात होते कानात. तोल सांभाळणारा अवयव आतल्या कानात असतो. तो मेंदूला कळवतो की आपण वळतोय, हेलकावतोय. मोबाइलवर खिळलेले डोळे सांगतात की सगळं स्थिर आहे. हा मेळ बसत नाही आणि मळमळ सुरू होते. ज्यांचा हा अवयव दोन्ही कानांत पूर्ण निकामी असतो, त्यांना गाडी लागतच नाही. संथ हेलकावे सर्वांत वाईट, साधारण पाच सेकंदांना एक. म्हणून लोकलचे भराभर बसणारे धक्के सोसणारी माणसंही घाटात किंवा मांडव्याच्या बोटीत गळून जातात. ड्रायव्हरला सहसा त्रास होत नाही, कारण पुढचं वळण त्याला आधीच ठाऊक असतं.

फरक ओळखणं अवघड नाही. पित्तात छातीत जळजळ होते, आंबट ढेकर येतात, आणि हे घरी जेवून आडवं झाल्यावरही होतं. गाडी लागताना आधी जांभया येतात, तोंडाला पाणी सुटतं, चेहरा पांढरा पडतो, थंड घाम येतो. उलटीनंतर जरा बरं वाटतं, पण गाडी चालूच राहिली तर मळमळ परत येते. उतरल्यावर मात्र हळूहळू ओसरते. उतरूनही उलट्या थांबत नसतील तर कारण दुसरं आहे, डॉक्टरांना दाखवायला हवं.

म्हणूनच पित्ताची गोळी इथे काही करत नाही. उलटीवर सर्रास दिली जाणारी ऑन्डान्सेट्रॉनही गाडी लागण्यावर फारशी चालत नाही. प्रोमेथाझिनसारखं औषध चालतं, पण निघण्याआधी तास-दोन तास घ्यावं लागतं. मळमळ सुरू झाली की पोटाचं काम मंदावतं आणि गोळी वेळेवर शोषली जात नाही. त्याने झोप येते, त्यामुळे गाडी चालवणाऱ्याने ते घेऊ नये. दोन वर्षांखालच्या मुलांना तर ते देतच नाहीत.

परतीला डॉक्टरांना फोनवर विचारून भाचीला तिच्या वजनाप्रमाणे औषध दिलं. निघण्याआधी तिने दोन इडल्या खाल्ल्या. मागच्या सीटवर मधोमध, पट्टा लावून, समोरचा रस्ता दिसेल अशी बसवली, डोकं मागे टेकवून. मोबाइल माझ्या पर्समध्ये. घाटाच्या मध्यावर तिला जांभया येऊ लागल्या तशी गाडी थांबवली. दहा मिनिटं ती बाहेर उभी राहून लांबचा डोंगर बघत होती. पोलादपूरला उतरलो तेव्हा तिने चहाबरोबर बिस्किटं मागितली.