तापानंतरची सांधेदुखी: चिकुनगुनिया की आमवात?

साथ ओसरून दोनेक महिने झाले की सांधेदुखीच्या ओपीडीत एक ठरावीक फाइल येऊ लागते. वरच्या कागदावर लॅबचा रिपोर्ट असतो, त्यात आमवातासाठी केल्या जाणाऱ्या रक्ततपासणीतल्या ‘आर.ए. फॅक्टर पॉझिटिव्ह’वर लाल पेनानं गोल केलेला असतो. समोर बसलेल्या माणसाला कुणीतरी सांगून टाकलेलं असतं, की हा आमवात आहे आणि आता जन्मभर गोळ्या घ्याव्या लागणार. प्रत्यक्षात यातल्या बऱ्याच जणांना आमवात नसतो, त्यांना चिकुनगुनिया होऊन गेलेला असतो. उलटंही घडतं. खरोखर आमवात सुरू झालेल्या बाईला ‘चिकुनगुनियाचं आहे, जाईल हळूहळू’ असं सांगून महिनोन् महिने थांबवलं जातं. मला ही दुसरी गल्लत जास्त धोक्याची वाटते. का, ते पुढे येईलच.

दोन्ही आजारांत सांध्याच्या आतलं अस्तर सुजतं, म्हणून ते इतके सारखे दिसतात. चिकुनगुनियाचा विषाणू एडिस डासाच्या चाव्यातून रक्तात शिरतो आणि सांध्याचं अस्तर, स्नायू व कंडरांच्या भोवतालच्या पेशींत वाढतो. रक्तातून तो साधारण आठवड्याभरात नाहीसा होतो, ताप तर त्याआधीच उतरलेला असतो. पण त्याच्याशी लढायला सांध्यात जमलेल्या पांढऱ्या पेशी लगेच परत जात नाहीत. त्या दाह वाढवणारी रसायनं सोडत राहतात आणि अस्तर सुजलेलंच राहतं. हिंदी महासागरातल्या रीयुनियन बेटावर २००५-०६ मध्ये मोठी साथ आली होती. तिथल्या एका रुग्णाच्या सांध्याच्या अस्तरात दीड वर्षानंतरही विषाणूचे अवशेष सापडले. इतर काही अभ्यासांत मात्र जुन्या रुग्णांच्या सांध्यातल्या पाण्यात विषाणू मिळाला नाही. त्यामुळे दाह अवशेषांमुळे टिकतो की एकदा चेतलेली प्रतिकारशक्ती स्वतःहून थांबत नाही, यावर अजून एकमत नाही. आमवातात मुळात बाहेरचा शत्रूच नसतो. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अस्तरावर उलटते, अस्तर जाड होत जातं आणि शेजारची कूर्चा व हाड कुरतडू लागतं. मुख्य फरक इथे आहे. चिकुनगुनियाचा सांधा खूप दुखतो, पण हाड सहसा शाबूत राहतं. आमवाताचा सांधा उपचाराविना राहिला तर कायमचा वाकडा होऊ शकतो, आणि हे नुकसान बहुतेकदा पहिल्या दोनेक वर्षांतच सुरू होतं.

एक उदाहरण घेऊ. यातले तपशील अनेक रुग्णांचे मिळून आहेत. वय ४७, घरी शिलाईकाम करणाऱ्या ताई, राहणार नागपूर. २०२४ च्या पावसाळ्यात तिथे चिकुनगुनियाची मोठी साथ होती. सप्टेंबरमध्ये एका संध्याकाळी त्यांना हुडहुडी भरून ताप आला आणि रात्रीपर्यंत घोटे, गुडघे, मनगटं धरली. सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवेना. तिसऱ्या दिवशी अंगावर पुरळ उठलं. डेंग्यूची तपासणी निगेटिव्ह आली, प्लेटलेट ठीक होत्या, चौथ्या दिवशी ताप गेला. चिकुनगुनियाची तपासणी कुणी केली नाही. आठ आठवड्यांनंतरही रोज सकाळी दीड तास बोटं आखडलेली. मूठ मिटत नाही, कात्री धरवत नाही, चहाची गाळणी हातातून सुटते. मग तपासण्यांचं पॅकेज केलं. शरीरातला दाह दाखवणारा ईएसआर ३८, आणि आर.ए. फॅक्टर २८, जिथे त्या लॅबची मर्यादा १४ होती.

आता आमवाताचे २०१० सालचे आंतरराष्ट्रीय निकष घ्या आणि त्यांचे गुण मांडून पाहा. दहापेक्षा जास्त सांधे धरलेले आणि त्यात लहान सांधेही आहेत, याचे ५ गुण. त्रास सहा आठवड्यांहून जास्त, १ गुण. ईएसआर वाढलेला, १ गुण. आर.ए. फॅक्टर मर्यादेपेक्षा जास्त पण तिपटीच्या आत, २ गुण. बेरीज ९. आमवात म्हणायला १० पैकी ६ पुरतात. कागदावर या ताई आमवाताच्या रुग्ण ठरल्या. पण त्याच निकषांत सुरुवातीला एक अट घातलेली आहे, की सांध्यांच्या सुजेचं दुसरं अधिक पटणारं कारण नसेल तरच ही बेरीज करायची. ती अट नजरेआड झाली की चूक होते. शिवाय आर.ए. फॅक्टर विषाणूंच्या संसर्गानंतर, काही जुनाट आजारांत, वय वाढल्यावर आणि कधी कधी धडधाकट माणसांतही थोडा वाढलेला सापडतो. तेवढ्यावरून निदान होत नाही.

या ताईंना मी पहिला प्रश्न विचारते तो सुरुवातीचा. ‘ताई, दुखणं कोणत्या दिवशी सुरू झालं, सांगता येईल?’ चिकुनगुनियाचा माणूस दिवस सांगतो, पुष्कळदा वेळही सांगतो, कारण ताप आणि सांधे एकाच दिवशी धरलेले असतात. आमवातवाल्याला तारीख सांगता येत नाही. ‘उन्हाळ्यापासून बोटं जरा ताठ वाटायची’ अशी त्याची सुरुवात असते, आणि एकेक सांधा आठवड्यांमागून भरतीला येतो. दुसरा प्रश्न घरातल्यांचा. त्याच पंधरवड्यात नवऱ्याला, शेजारच्यांना तसाच ताप आला होता का? ताईंच्या गल्लीत चार घरांत आला होता. तिसरी गोष्ट, गेल्या आठ आठवड्यांत दुखणं कोणत्या दिशेला चाललंय. चिकुनगुनियात चार दिवस बरे, दोन दिवस वाईट असं चढउतार होत एकूण उतार असतो. थंडी पडली किंवा काम जास्त झालं की पुन्हा उसळतं. आमवातात चढ असतो.

मग हात लावून पाहायचं. दोन्ही आजारांत मनगटं आणि बोटांच्या मुळाशी असलेले सांधे दोन्ही बाजूंनी सुजतात, त्यामुळे केवळ हात पाहून फसायला होतं. घोटे मात्र चिकुनगुनियात फार ठळकपणे धरतात. घोट्याच्या मागे-बाजूला कंडरांच्या आवरणात पाणी साठून लांबट सूज येते आणि पायरी उतरताना कळ येते. मनगटात अशीच सूज आल्यानं मज्जातंतू दाबला जातो, मग रात्री हाताला मुंग्या येतात. आधी मुरगळलेला पाय, जुना झिजलेला गुडघा असे सांधे हा ताप नेमके हेरतो. आपल्याकडच्या रुग्णांत आणखी एक खूण दिसते, नाकावर आणि गालांवर पडलेला काळपट डाग. ताईंच्या नाकावर तो होता. त्यांना तो उन्हाचा वाटत होता.

तपासण्यांत सर्वांत उपयोगाची ठरते अँटी-सीसीपी ही रक्ततपासणी. ही आमवातात बऱ्याच जणांत पॉझिटिव्ह असते आणि चिकुनगुनियानंतर सहसा नसते. ताईंची निगेटिव्ह आली, हातापायांचे एक्स-रे स्वच्छ आले. चिकुनगुनियाच्या स्वतःच्या तपासण्यांना मुदत असते, हे फार कमी लोकांना माहीत असतं. रक्तात विषाणूच शोधणारी पीसीआर पहिल्या आठवड्यातच उपयोगी. आयजीएम, म्हणजे विषाणूविरुद्ध सुरुवातीला तयार होणारी अँटीबॉडी, साधारण पाचव्या दिवसापासून सापडते आणि दोन-तीन महिने, काहींत त्याहून जास्त राहते. आयजीजी ही नंतरची अँटीबॉडी वर्षानुवर्षं राहते. महाराष्ट्रात १९७३ मध्ये बार्शीला साथ येऊन गेली, २००६ मध्ये तर निम्मं राज्य कण्हत होतं, त्यानंतरही साथी येतच राहिल्या. अशा ठिकाणी नुसती आयजीजी पॉझिटिव्ह आली तर विषाणू कधीतरी भेटून गेला एवढंच कळतं. आजच्या दुखण्याचं कारण त्यातून ठरत नाही.

आता दुसरी बाई, वय ४१, त्याच शहरातली, त्याच महिन्यात तोच ताप. आयजीएमही पॉझिटिव्ह. सगळ्यांनी सांगितलं चिकुनगुनिया आहे, वेळ लागतो. पण नीट विचारल्यावर कळलं, की जूनपासूनच सकाळी अंगठी बोटात जात नव्हती. ताप येण्याच्या तीन महिने आधीपासून. तापानं आधीचं दुखणं भडकलं होतं. अँटी-सीसीपी मर्यादेच्या कितीतरी पट, आणि पायाच्या एक्स-रेत करंगळीच्या मुळाशी हाडाला बारीक खड्डा. हा खड्डा भरून येत नाही. चिकुनगुनिया खरा होता, पण आमवातही खरा होता. ‘वेळ लागतो’ म्हणत आणखी सहा महिने गेले असते तर असे खड्डे वाढले असते. म्हणून मी दुसरी गल्लत जास्त धोक्याची म्हटलं.

उपचारांतही फरक आहे. तापाच्या पहिल्या दिवसांत, डेंग्यू नाही हे ठरेपर्यंत, फक्त पॅरासिटामॉल. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक टाळायचं, कारण डेंग्यू असेल तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. ते बाजूला झाल्यावर आठवड्यांच्या दुखण्याला नॅप्रोक्सेनसारखं वेदनाशामक चालतं, मात्र मूत्रपिंड, रक्तदाब आणि पोटाचा अल्सर विचारून. पहिल्या ताईंना एवढ्यानं भागेना, म्हणून प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड कमी मात्रेत देऊन काही आठवड्यांत उतरवत थांबवलं. सोबत सकाळी कोमट पाण्यात मूठ मिटणं-उघडणं. मलेरियाच्या क्लोरोक्विनचा २००६ च्या साथीनंतर बराच गाजावाजा झाला, पण पुण्याच्या संशोधकांनी ते मेलॉक्सिकॅम या वेदनाशामकाशी ताडून पाहिलं तेव्हा ते सरस ठरलं नाही. स्टिरॉइडबद्दल मात्र कळकळीनं सांगते. दुखणं एका दिवसात गायब करणारी पुडी किंवा इंजेक्शन कुणी नाव न सांगता देत असेल तर त्यात बहुधा तेच असतं. ते घेतल्यानं साखर वाढते, अचानक सोडलं की सांधे दुपटीनं उसळतात आणि आमवात असेल तर तो झाकला जातो.

तीन महिन्यांनंतरही सूज हाताला लागत असेल, म्हणजे केवळ दुखणं नसून सांधा फुगलेला असेल, तर ‘चिकुनगुनिया’ म्हणून सोडून देऊ नये. संधिवाततज्ज्ञाकडे जावं, अँटी-सीसीपी आणि हातापायांचे एक्स-रे करून घ्यावेत. पहिल्या ताईंची सूज पाचव्या महिन्यात ओसरली, शिलाई सुरू झाली, जड कापड कापलं की मनगट अजून बोलतं. चिकुनगुनियाच्या हट्टी सुजेलाही काही वेळा मेथोट्रेक्सेट हे आमवाताचं नेहमीचं औषध द्यावं लागतं, पण काही महिन्यांपुरतं. दुसऱ्या बाईंना ते लगेच सुरू झालं आणि लांब चालणार आहे. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. मी चिठ्ठीवर वार लिहून देते, ‘फक्त रविवार’, कारण रोजची गोळी समजून घेतलं तर रक्तपेशी धोकादायकरीत्या घटतात आणि जीवही जाऊ शकतो. फोलिक ॲसिड दुसऱ्या दिवशी, सुरुवातीला दर महिन्याला रक्त आणि यकृताची तपासणी, आणि मूल हवं असेल तर आधी सांगायचं, कारण गरोदरपणात हे औषध चालत नाही.