केमोपोर्ट: नळी कातडीखाली कशी गेली आणि जंतूंची वाट कुठे उरली

केमोपोर्ट म्हणजे केमोचं औषध मोठ्या शिरेत सोडण्यासाठी कातडीखाली बसवलेली डबी आणि तिला जोडलेली नळी. हातावरच्या बारीक शिरेत रक्ताचा प्रवाह कमी असतो, त्यामुळे केमोच्या औषधाने ती लवकर खराब होते. डॉक्सोरुबिसिनसारखं औषध शिरेबाहेर झिरपलं तर कातडी जळून व्रण पडतो. हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत तेच औषध लगेच पातळ होतं. तिथवर नळी पोचते हे डॉक्टर व्हेर्नर फोर्समान यांनी १९२९ मध्ये जर्मनीत स्वतःच्याच हातातून नळी घालून दाखवलं होतं. खरी अडचण ती महिनोन्‌महिने ठेवण्याची होती, कारण कातडीवरचे जंतू नळीच्या कडेने आत उतरतात.

१९७३ मध्ये अमेरिकेत सिएटलला डॉक्टर ब्रोव्हिएक यांनी सिलिकॉनची नळी छातीच्या कातडीखालून काही अंतर नेऊन मग शिरेत सोडली. नळीवर डेक्रॉन या कृत्रिम धाग्याचा छोटा पट्टा होता. काही आठवड्यांत भोवतीचे तंतू त्यात रुजतात आणि ती वाट बुजते. डॉक्टर हिकमन यांनी १९७९ मध्ये नळी रुंद केली, पण तोंड छातीबाहेर लोंबतच राहिलं. १९८०च्या दशकात रुळलेल्या पोर्टने तेही कातडीखाली घेतलं. दंडातून घालतात ती पिक लाइन मात्र आजही बाहेर राहते. तिचं ड्रेसिंग साधारण दर आठवड्याला बदलावं लागतं.

पोर्ट म्हणजे वर जाड सिलिकॉनचा पडदा असलेली छोटी डबी. साध्या सुईने पडद्याचा तुकडा निघतो, म्हणून टोक वळवलेली ह्यूबर सुई वापरतात. औषधाआधी रक्त मागे येतं का ते पाहायचं. येत नसेल तर दाहक औषध सोडायचं नाही. शेवटी १० मिलिलिटर सलाईन थांबत-थांबत ढकलायचं. सिरिंजही १० मिलिलिटरचीच हवी, लहान सिरिंजचा दाब नळी फाडू शकतो.

बाहेरची वाट अशी बंद झाली, तरी सुईच्या जोडावरून जंतू नळीच्या पोकळीत शिरतातच. तिथे ते चिकट थर करून राहतात. मग वरची कातडी अगदी स्वच्छ दिसते, लाली नाही, पू नाही, आणि इथेच फसगत होते.

समजा, सलाईन ढकलून पोर्ट फ्लश केला आणि अर्ध्या-पाऊण तासात हुडहुडी भरून १०१ ताप आला. सलाईनने थरातले जंतू रक्तात ढकलले, हा पहिला संशय. केमोनंतर पांढऱ्या पेशी कमी असताना १००.४ फॅरनहाइट ताप आला तरी त्याच क्षणी रुग्णालय गाठायचं. आधी पॅरासिटामॉल घेऊन ताप झाकायचा नाही. तिथे अँटिबायोटिकआधी पोर्टमधून आणि हातातून एकाच वेळी, सारख्याच प्रमाणात रक्त घेऊन त्यात जंतू वाढतात का ते पाहायला कल्चरला पाठवतात. पोर्टच्या रक्तात जंतू किमान दोन तास आधी वाढले, तर मूळ पोर्टमध्येच. पण औषध निकालासाठी अडवून धरत नाहीत.

पुढे जंतू कोणता यावर ठरतं. कातडीवरचे सौम्य स्टॅफिलोकोकस असतील तर पोर्टमध्ये अँटिबायोटिक भरून ठेवून तो कधीकधी वाचवता येतो. जास्त घातक स्टॅफिलोकोकस ऑरियस किंवा कँडिडा ही बुरशी निघाली, तर सहसा पोर्ट काढावाच लागतो.