एकच एसओपी सहा विद्यापीठांना पाठवताना: कोणता परिच्छेद ठेवायचा, कोणता बदलायचा

आपल्याकडची मुलं, मग ती बेळगावची असोत, खानापूरची की निपाणीची, मास्टर्सच्या अर्जासाठी कागदपत्रं महिनाभर आधी गोळा करतात आणि एसओपी, म्हणजे हाच अभ्यासक्रम का हे सांगणारं निवेदन, शेवटच्या रात्रीवर ढकलतात. मग एकाच मजकुरात विद्यापीठाचं नाव तेवढं बदलून तो सगळीकडे पाठवला जातो. नकार आला की खापर मार्कांवर.

मूळ मजकूर एकच ठेवायला काहीच हरकत नाही. फक्त ही सोय कुणाला आहे ते आधी बघा. प्रत्येक विद्यापीठाला वेगळा अर्ज आणि वेगळं निवेदन जात असेल, म्हणजे बहुतेक मास्टर्सचे अर्ज, तर ही पद्धत चालते. बारावीनंतर ब्रिटनला यूकास या सामाईक अर्जव्यवस्थेतून जाणाऱ्यांना ती लागू नाही. तिथे पाचही पर्यायांना एकच निवेदन जातं, त्यामुळे त्यात एखाद्या विद्यापीठाचं नाव घालणं म्हणजे उरलेल्या चौघांना नाराज करणं. आणि बर्कलीसारखं विद्यापीठ एसओपीबरोबर वैयक्तिक वाटचालीचं निवेदन वेगळं मागतं. तोच मजकूर दोन्हीकडे चिकटवू नका.

ट्रान्स्क्रिप्ट, शिफारसपत्रं, पासपोर्ट, इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल हे नेहमीचंच. एक बारीक गोष्ट मात्र आपल्याच भागाची आहे. शहराचं सरकारी नाव 1 नोव्हेंबर 2014 ला बदललं, त्यामुळे जुन्या दाखल्यावर ‘बेलगाम’ आणि नव्यावर ‘बेळगावी’ असं स्पेलिंग सापडतं. फॉर्ममध्ये जे भराल तेच एसओपीतही ठेवा.

आता मुख्य मुद्दा. मजकूर साचेबद्ध वाटतो तो सामाईक परिच्छेदांमुळे नाही. विद्यापीठाबद्दलचा परिच्छेद शेवटी ठिगळासारखा लावलेला असतो आणि वरच्या मजकुराशी त्याचा काही संबंध नसतो, म्हणून तो तसा वाटतो. त्यामुळे प्रकल्पाचा परिच्छेद जिथे संपतो, ते शेवटचं वाक्य प्रत्येक वेळी बदलायचं.

समजा, एका मेकॅनिकलच्या मुलीने उद्यमबागमधल्या फाउंड्रीत प्रकल्प केला. पावसाळ्यात कास्टिंगमध्ये वायूची भोकं वाढायची. तिने साच्याच्या वाळूतला ओलावा रोज मोजला आणि तो वाढला की रिजेक्शनही वाढतं हे नोंदींवरून दाखवलं. एवढा भाग सहाही ठिकाणी शब्दशः तोच राहील. संगणकीय सिम्युलेशनच्या अभ्यासक्रमासाठी शेवटी ती लिहील: ‘ओलावा आणि भोकांचा संबंध दिसला, पण भोक कास्टिंगच्या नेमक्या कोणत्या भागात पडेल हे मला आधी सांगता येत नव्हतं.’ मटेरियल्ससाठी: ‘भोकांची संख्या मी मोजली, पण त्यांच्याभोवतीच्या लोखंडाची रचना कशी बदलते हे बघायला माझ्याकडे साधन नव्हतं.’ उत्पादन व्यवस्थापनासाठी: ‘कारण सापडलं, तरी दुसऱ्या पाळीत नोंद कुणीच ठेवत नव्हतं.’

तीनही गोष्टी खऱ्याच आहेत, एकाच कामातल्या आहेत. पण प्रत्येक वाक्य एक वेगळा प्रश्न उघडा ठेवतं. त्यापुढचा परिच्छेद त्याच प्रश्नाला धरून सुरू करायचा: तिथला कोणता विषय, कोणती प्रयोगशाळा किंवा कुणाचं संशोधन याचं उत्तर शोधायला उपयोगी पडेल. खरं नसलेलं वाक्य मात्र सोयीसाठी घडवू नका, मुलाखतीत ते उघडं पडतं.

हा परिच्छेद जमला की नाही हे तपासायला त्यातलं विद्यापीठाचं नाव काढून यादीतलं दुसरं नाव घाला. तरीही सगळं बरोबर वाटत असेल, तर लिहिलेलं वाया गेलं. ‘जागतिक दर्जाचे प्राध्यापक’, ‘अत्याधुनिक सुविधा’ असली वाक्यं या तपासणीत हमखास अडकतात. वेबसाइटवरून पाच प्राध्यापकांची नावं उचलून ओळीने मांडणं हाही तोच प्रकार. एकच नाव घ्या, पण त्यांच्या कामातलं तुम्हाला नेमकं काय हवं ते सांगा.

सीमाभागात, दोन भाषांत वाढल्याचा परिच्छेद इथले बरेच जण सुरुवातीलाच टाकतात. ठेवायचाच असेल तर तो पुढच्या कामाला जोडलेला असू दे. फाउंड्रीतल्या कामगारांशी त्या मुलीला मराठी आणि कन्नड दोन्हींत बोलता आलं, म्हणून रात्रपाळीची माहिती मिळाली, असं असेल तर त्याला जागा आहे. नुसतं कौतुक असेल तर खोडा, आणि शब्दमर्यादा कमी असेल तेव्हा पहिली कात्री इथेच लावा.

मूळ फाइलमध्ये जिथे जिथे बदल करायचा आहे, तिथे `@@` अशी खूण करून ठेवा. पीडीएफ करण्याआधी `Ctrl+F` ने ती खूण शोधा, आणि मग यादीतल्या बाकीच्या पाचही विद्यापीठांची नावं एकेक करून शोधा. अभ्यासक्रमाचं नाव, शहर आणि फाइलचं नावही तपासा, कारण विद्यापीठाचं नाव बदललं तरी ‘तुमच्या शहरातलं बंदर’ तसंच राहतं.